आभाराच्या भाषणात घेतलेला शब्द

शाळेच्या कार्यक्रमात आभार प्रदर्शन कोणाला देतात, हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. मला वाटायचं, ज्याला बोलता येतं त्याला देतात. तसं नसतं. ज्याला व्यासपीठावर बसवायचं नसतं, पण घरीही बसवता येत नाही, त्याला देतात. तो कार्यक्रम होईपर्यंत खाली पहिल्या रांगेच्या कडेला बसतो, शेवटी उठतो, सगळ्यांची नावं घेतो. त्याचं नाव कोणी घेत नाही, कारण आभार मानणाऱ्याचे आभार मानायची पद्धत नाही. त्याच्यानंतर राष्ट्रगीत असतं.

धुळ्यात ज्या शाळेत माझी मुलगी शिकली, तिथे बुद्धिबळ आणि कोड्यांची स्पर्धा मी सुरू केली. सुरू केली म्हणजे काय केलं, ते सांगायला हवं, कारण नंतर निमंत्रण पत्रिकेत 'संस्थेच्या संकल्पनेतून' असं छापून आलं. मी जुन्या ट्रॅक्टरचा व्यापारी. दोंडाईच्याहून हात हलवत आलो आणि महामार्गावर पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. शिक्षण आठवीपर्यंत. बुद्धिबळ शिकलो ते शेडमध्ये, गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या एका ड्रायव्हरकडून, देशी नियमांनी. त्यात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जातं. मुलगी शाळेतून आंतरराष्ट्रीय नियम शिकून आली आणि पहिल्याच डावात मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही वेगळाच खेळ खेळताय." ती आता पुण्यात नोकरी करते आणि खेळत नाही. स्पर्धा मात्र माझ्या अंगाला चिकटून राहिली.

पहिल्या वर्षी मी शाळेशी हॉलवरून भांडलो, मंडपवाल्याशी टेबलांवरून भांडलो, जिल्ह्याच्या पंचांशी त्यांच्या वेळेवरून भांडलो. मुख्य पंच शांत माणूस होते. त्यांनी मला स्विस पद्धत समजावून सांगितली. तिच्यात कोणी हरला म्हणून घरी जात नाही. पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी खेळतो. पुढच्या प्रत्येक फेरीत ज्यांचे गुण सारखे ते एकमेकांसमोर येतात, आणि एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागत नाही. शेवटी दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त गुण मिळवून गेले, तो वर. मला हे फार पटलं. चांगल्या माणसांशी व्यवहार करून कमावलेलं आणि भोळ्यांना टोपी घालून कमावलेलं यात फरक करणारा हिशेब मी पहिल्यांदाच पाहिला.

कोड्यांचा गट मात्र पूर्ण माझा. कारण साधं होतं. पिंपळनेरकडच्या, सह्याद्रीच्या पायथ्याच्या शाळांमधून मुलं यायची आणि पहिल्या फेरीतच घड्याळाखाली मरायची. त्यांनी स्पर्धेचं घड्याळ कधी पाहिलेलं नसायचं. चाल करून बटण दाबायचं विसरायची आणि समोरचा शहरी पोरगा काही न बोलता त्यांचा वेळ संपायची वाट पाहत बसायचा. नियमाने ते बरोबरच होतं. किंवा सोंगटीला सहज बोट लावायची, मग हात लावलेली सोंगटीच हलवावी लागायची आणि वजीर जायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचे चेहरे उतरलेले असायचे.

म्हणून मी पंचांना म्हटलं की यांना कागदावर खेळू द्या. एका कागदावर पटांची चित्रं छापायची. पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात, फक्त पहिली चाल लिहा. कारण कोडं नीट रचलेलं असेल तर बरोबर पहिली चाल एकच असते, आणि बऱ्याचदा ती शह देणारी नसते. गुपचूप बाजूला सरकणारी असते. शिवाय वजनकाट्याची, नदी ओलांडायची, आगकाड्यांची दोन-चार कोडी. ना घड्याळ, ना समोर कोणी. पंच तयार झाले, पण चाली इंग्रजी अक्षरांनी लिहायला हव्यात म्हणाले. मी त्यावर त्यांच्याशी दुपारभर भांडलो. ज्या पोराला चाल दिसली पण घराचं नाव लिहिता येत नाही, त्याने काय करायचं? शेवटी ठरलं की चित्रावर बाण काढला तरी चालेल, मात्र तो नेमक्या सोंगटीपासून नेमक्या घरापर्यंत असावा. आणि गुण सारखे झाले तर आधी पेपर देणारा वर, हा नियमही मी काढायला लावला. ज्याला अवघड कोडं सुटलं तो वर. खेड्यातली मुलं हळू लिहितात, हळू विचार करत नाहीत.

त्या पहिल्या वर्षी कोड्यांत वरच्या बक्षिसांमध्ये पायथ्याच्या शाळांची मुलं होती. त्यांच्या शिक्षकाने माझा हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी रुतली. त्यानंतर दरवर्षी ते येत राहिले.

मग संस्थेचे अध्यक्ष बदलले. नव्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणतात. नाना वाईट माणूस नाहीत. त्यांना कार्यक्रम मोठा करायचा असतो एवढंच. त्यांनी जळगावच्या एका बुद्धिबळ क्लासच्या संचालकांना आणलं. गोरे, गुळगुळीत, बोलताना दर वाक्याला 'रेटिंग' म्हणणारे. प्रायोजक तेच; चषक त्यांचे, फलक त्यांचा, फलकावर फोटोही त्यांचाच. पत्रिका छापून आली तेव्हा मी चष्मा लावून तीनदा वाचली. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, संचालक, मुख्याध्यापिका, पंच. माझं नाव 'विनीत' खालच्या गर्दीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका मॅडमचा फोन आला.

"भाऊ, आभार तुम्हीच माना हं. तुमच्याशिवाय कोणाला एवढं माहीत आहे?"

मी विचारलं, माझं नाव कोणी घेणार आहे का. त्या म्हणाल्या, आभार मानणाऱ्याचं कसं घेणार, तसं बरं दिसत नाही. तेव्हा मला सगळं कळलं. व्यवहारात मी अशी चाल कितीदा केलेली आहे. ज्याला वाटा द्यायचा नाही त्याला मोजणीला बसवायचं.

तरी मी हो म्हटलं. कारण मॅडमकडूनच मला आणखी एक गोष्ट कळली होती. पुढच्या वर्षीपासून कोड्यांचा गट बंद करायचं चाललं होतं. संचालकांचं म्हणणं होतं की त्या गटाला रेटिंग नाही, त्यामुळे त्याची बातमी येत नाही, आणि त्या मुलांमुळे जेवणाची ताटं वाढतात. माझं नाव गेलं तर गेलं. पण तो गट जाऊ द्यायचा नव्हता. त्या दिवशी मी शाळेत गेलो तो एवढ्यासाठीच.

सकाळी हॉलमध्ये फेऱ्या सुरू होत्या आणि वरच्या वर्गखोल्यांत कोडी. मी वर गेलो. पायथ्याच्या शाळेची मुलं ओळीने बसली होती. कागदावर वाकून, बोट हवेत फिरवत. एकीने बाण काढला, खोडला, पुन्हा तिथूनच काढला. शेजारच्या खोलीत क्लासची मुलं होती. त्यांचा पेपर लवकर झाला. खाली गेल्यावर पंचांनी मला एक गोष्ट हळूच सांगितली. एका कोड्यात क्लासच्या बहुतेक मुलांनी शह दिला होता. शह दिल्यावर राजा निसटतो. बरोबर चाल उंटाची होती, मागे, कोपऱ्याकडे. ती पायथ्याच्या कितीतरी मुलांना सापडली होती. मला आनंद झाला, पण त्याहून जास्त राग आला. हे सगळं बंद करायला निघालेत.

दुपारी नाना, संचालक आणि मी स्टाफरूममध्ये जेवायला बसलो. वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती. मी विषय काढला. माझी बोलायची रीत ठरलेली आहे. आधी डोंगर मागायचा. मी म्हटलं, कोड्यांचा गट दोन दिवसांचा करा, वेगळा हॉल द्या, वेगळे चषक द्या. नाना हसले. संचालकांनी बट्टी कुस्करत म्हटलं, "भाऊ, बाण काढून कोणी बुद्धिबळपटू होत नाही."

मी म्हटलं, "आणि रेटिंग घेऊन तुमच्या पोरांना उंट दिसला नाही."

ते लालबुंद झाले. नानांनी पाण्याचा जग मध्ये ठेवला आणि हवापाण्याचं काहीतरी बोलले. मी मागणीत खाली उतरलो. दोन दिवस नको, एक सकाळ द्या. वेगळा हॉल नको, वर्गखोल्या चालतील. चषक नको, प्रमाणपत्र द्या. कागद मी छापून आणतो. मुलांना न्याहारी माझ्या शेडवरून येईल. फक्त गट ठेवा, सगळ्या शाळांना ठेवा आणि फी नको. व्यवहारात समोरच्याने एवढं खाली यायचं आणि आपण हात पुढे करायचा नाही, हा अपमान असतो. नाना हात धुवायला उठले. टॉवेलला हात पुसत म्हणाले, "बघू, भाऊ."

बाजारात 'बघू' म्हणजे नाही. चाळीस वर्षं मी हेच समजत आलो आहे. पण हात धुताना मला दुसरं सुचलं. नळाखाली हात धरून मी उभा होतो आणि मागचा शिक्षक खोळंबला होता. नानांनी नाही म्हटलेलं नव्हतं. आणि कार्यक्रमात शेवटचं बोलणारा मी होतो.

बक्षीस समारंभ ठरल्याप्रमाणे उशिरा सुरू झाला. ज्याने कधी पाहिला नसेल त्याला सांगतो, तो कसा चालतो. आधी दीपप्रज्वलन, वात पेटत नाही, पंखा बंद करा असं तिघं एकदम म्हणतात. मग स्वागतगीत. मग पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं एक फूल. मग प्रास्ताविक, त्यात स्पर्धेचा इतिहास. त्या इतिहासात मी नव्हतो. मग बक्षिसं खालून वर. आधी उत्तेजनार्थ, मग तिसरं, दुसरं, पहिलं. कारण पहिलं आधी दिलं तर मागचे पालक उठून जातात. चषक देताना पाहुणे कॅमेऱ्याकडे बघतात, मूल चषकाकडे बघतं, आणि फोटोवाला 'सर, इकडे' म्हणत सगळं थांबवतो. कोड्यांची बक्षिसं सगळ्यात शेवटी ठेवली होती. पायथ्याच्या मुलीला पहिलं मिळालं. तिने चषक दोन्ही हातांनी असा धरला, जणू आत काठोकाठ पाणी असावं. तोपर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मग भाषणं. संचालक रेटिंगवर बोलले. पाहुणे शिस्तीवर बोलले. नाना म्हणाले की बुद्धिबळ हा जीवनाचा आरसा आहे. मला तो आरसा दुपारीच दिसला होता.

मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मला बोलावलं.

मॅडमनी माझ्या हातात नावांचा क्रम दिला होता. आभाराचा क्रम हा चेष्टेचा विषय नाही. आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग संस्थेचे पदाधिकारी, मग प्रायोजक, मुख्याध्यापिका, पंच, आलेल्या शाळांचे शिक्षक, पालक, विद्यार्थी, मग मंडपवाले, माईकवाले, शिपाई, आणि पत्रकार बंधू. प्रत्येक नावाबरोबर एक वाक्य. कोणाचं चुकून मागे-पुढे झालं तर ते वर्षभर रुसतात. आणि अगदी शेवटी एक वाक्य असतंच, की अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असल्यास क्षमा असावी, मी कार्यक्रम संपला असं जाहीर करतो, सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभं राहावं. हे शेवटचं वाक्य म्हणजे दाराची कडी. ती लागली की कोणी बोलू शकत नाही.

मी अध्यक्षांपासून सुरुवात केली. त्यांनी वेळात वेळ काढला वगैरे म्हणालो. मग माईक जरा जवळ घेतला.

"आणि नानांचे विशेष आभार यासाठी, की आज दुपारी माझ्याशी बोलताना त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं, कोड्यांचा गट पुढच्या वर्षीही राहील, सगळ्या शाळांना खुला राहील आणि त्याला फी नसेल. असा अध्यक्ष संस्थेला लाभला, हे आपलं भाग्य."

डाव्या बाजूने, जिथे पायथ्याच्या शाळांचे शिक्षक बसले होते, तिकडून टाळ्या सुरू झाल्या. त्यांच्या मुलांनी उचलल्या, मग पालकांनी. व्यासपीठावर नाना हसत होते. तसं हसू मी ओळखतो. ट्रॅक्टरची किंमत सांगून झाल्यावर गिऱ्हाईक चाकाला लाथ मारतं, तेव्हा विकणारा तसं हसतो. त्यांनी हात जोडले. आभारानंतर अध्यक्ष बोलत नाहीत. भर टाळ्यांत कोणी म्हणत नाही की मी असं म्हटलंच नव्हतं. मला वाटलं, झाला व्यवहार.

पुढे मी भराभर नावं घेतली. पाहुणे, पदाधिकारी, मॅडम, पंच. पायथ्याच्या शाळांची नावं मी एकेक करून घेतली, गावांसकट. शिपायांची घेतली. प्रायोजकांचं नाव मात्र घेतलं नाही. विसरलो नव्हतो. त्या माणसाने दुपारी माझ्या ताटासमोर बाणांची थट्टा केली होती आणि त्याचे आभार माझ्या तोंडून यावेत, हे मला मान्य नव्हतं. आजही नाही. मॅडम खालून बोटांनी खुणा करत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आणि कडी लावायच्या आधी मी थांबलो. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, यावेळी माझ्यासाठी होत्या असं वाटलं. एवढ्या वर्षांत त्या हॉलमध्ये माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी माईकपासून एक पाऊल मागे आलो आणि ऐकत राहिलो.

तेवढ्यात नाना उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी प्रेमाने, आणि माईक आपल्याकडे वळवला.

"भाऊंनी सगळ्यांचे आभार मानले. पण गडबडीत एक नाव राहिलं, आपल्या प्रायोजकांचं. ते राहून कसं चालेल?"

हॉल हसला. आभारात राहिलेलं नाव दुसऱ्याने उठून घेणं, ही रीतच आहे. त्याला कोणी अडवत नाही. नावं राहतातच. उलट लोक त्याला मोठेपणा म्हणतात. मीच दार उघडं ठेवलं होतं आणि त्यातून ते आत आले.

त्यांनी संचालकांचं नाव घेतलं, त्यांना उभं केलं, टाळ्या घेतल्या. मग म्हणाले, "भाऊंनी मला शब्दात पकडलंय. मी शब्द पाळणार. कोड्यांचा गट राहणार, सगळ्यांना राहणार, फी नाही. फक्त इतकी वर्षं भाऊंनी हा भार एकट्याने उचलला, आता त्यांना किती त्रास द्यायचा? पुढच्या वर्षीपासून कोडी आपले हे क्लासचे सर घेतील. मोबाईलवर. कागद नको, प्रवास नको, मुलांनी घरबसल्या सोडवायची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पायथ्याच्या शिक्षकांनीही वाजवल्या, कारण 'राहणार' एवढं त्यांना ऐकू आलं होतं. मी माईककडे हात केला तर तो नानांच्या हातात होता. ते पुढे म्हणाले की आभार मानणाऱ्याचे आभार मानायची पद्धत नाही, पण आज आपण ती मोडू. एक शाल उरली होती. कुठल्यातरी न आलेल्या पाहुण्याची. ती माझ्या अंगावर आली. नारळ आला. फोटोवाला म्हणाला, "भाऊ, इकडे." माझ्यादेखत नानांनीच सर्वांना राष्ट्रगीतासाठी उभं राहायला सांगितलं. आम्ही सगळे उभे राहिलो. शाल घसरत होती आणि राष्ट्रगीतात हात हलवता येत नाही.

खाली उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "छान झालं ना भाऊ, तुमचंही नाव झालं." त्यांना खरंच तसं वाटत होतं. बाहेर दुचाकींजवळ संचालक भेटले. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, ॲपमध्ये बाणाची सोयसुद्धा टाकू. मी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन पालकांनी मला बाजूला नेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत बातमी झाली की भाऊंना सत्कार पचला नाही.

मी या सगळ्यावर पुष्कळ विचार केला आहे. लोक म्हणतात, त्या माणसाचं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं. काही बिघडलं नसतं, हे मलाही माहीत आहे. पण मी घेतलं नसतं. चुकलं ते टाळ्यांपाशी. सौदा पटला की उठायचं असतं. दुसरा चहासुद्धा घ्यायचा नसतो. मी बसून राहिलो.

पुढच्या वर्षीची पत्रिका मला आली. त्यात कोड्यांची स्पर्धा 'सर्व शाळांसाठी विनामूल्य' असं ठळक छापलं होतं. नानांनी शब्द अक्षरशः पाळला होता. त्याखाली नोंदणीची लिंक होती. प्रत्येक मुलाचा वेगळा मोबाईल नंबर हवा होता. गुण सारखे झाले तर ज्याने लवकर सोडवलं तो वर.

स्पर्धेच्या काही दिवस आधी मी शेडवर एका गिऱ्हाइकाला इंजिन दाखवत होतो, तेव्हा पिंपळनेरकडून त्या शिक्षकाचा फोन आला. ज्याने माझी अंगठी रुतवली होती, तोच. तो नेहमीसारखाच मोठ्याने बोलत होता, कारण त्याच्याकडे रेंज कमी असते.

"भाऊ, औंदा कोडं कवय शे? पोरे बठ्ठा तयार शेतस."

यंदा कोडी कधी आहेत, मुलं सगळी तयार आहेत, असं तो अहिराणीत म्हणत होता. मी त्याला विचारलं, तुम्हाला पत्रिका नाही मिळाली का. तो म्हणाला, मिळाली, पण ते मोबाईलचं त्याला काही कळलं नाही. शाळेत फोन एकच, त्याचा स्वतःचा, आणि तो झाडाखाली उभं राहिलं तरच चालतो. त्यामुळे त्याने मुलांना सांगितलं होतं की मोबाईलचं शहरातल्या मुलांसाठी असेल, आपला कागद भाऊ आणतील. जूनपासून दर शनिवारी तो फळ्यावर पट काढत होता. मुलं खडूने बाण काढत होती.

"तुम्हीच तं माईकवर सांगं व्हतं ना," तो म्हणाला, "नानांनी मान्य करेल शे म्हणून. तवयच मी पोरेसले सांगी टाकं."

गिऱ्हाईक इंजिनाजवळ उभं होतं आणि मला भाव विचारत होतं. मी फोनवर हात धरला आणि त्याला थांबायला सांगितलं. नानांनी दुपारी तसं काही मान्य केलेलं नव्हतं, हे त्या शिक्षकाला सांगायला हवं होतं. ते शब्द माझे होते, नानांच्या तोंडात मी घातलेले. आणि नानांनी ते घेऊन स्वतःचे करून टाकले होते. पण ते सांगितलं तर त्याने विचारलं असतं, मग आम्ही त्या दिवशी टाळ्या कशाला वाजवल्या.

मी त्याला नानांचा नंबर दिला. म्हटलं, त्यांनाच विचारा, शब्द त्यांचा आहे. त्याने नंबर लिहून घेतला, पुन्हा एकदा वाचून दाखवला आणि म्हणाला की विचारतो. नानांनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्या वर्षी पायथ्याकडून कोणी आलं नाही, एवढं मॅडमनी सांगितलं. त्यानंतर त्या शिक्षकाचा मला फोन आलेला नाही, आणि मीही केलेला नाही.